१४ इंची कुंडी, आत फक्त १२ इंच. ठेवू की परत पाठवू? (ठाणे, सातवा मजला, पश्चिमेची बाल्कनी)

निशिगंधा_ठाणे
नमस्कार मंडळी. माजिवड्याला सातव्या मजल्यावर राहते. बाल्कनी चार फूट बाय नऊ फूट, पश्चिमेकडे तोंड. दुपारी दोननंतर कडक ऊन येतं.

लिंबाचं कलम आणि कढीपत्ता लावायचाय म्हणून ऑनलाइन दोन कुंड्या मागवल्या. पानावर असं लिहिलं होतं: "१४ इंच प्लांटर, प्रीमियम पॉलिमर, वजन १.२ किलो, ड्रेनेज होल आहे, बाल्कनीसाठी योग्य." आल्यावर टेप लावली. वर आतून १२ इंच, तळाशी आतून साडेआठ, आतली खोली ११ इंच. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मात्र बरोबर १४ भरतात. भोक एकही नाही. तळाला पाच गोल खुणा आहेत, एक मधोमध आणि चार कडेला.

लिंबू नर्सरीतून "१० इंची पिशवीत" आणलंय. ते या कुंडीत मावेल का? परत करायची मुदत सात दिवसांची आहे, त्यातले दोन गेले. शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात की बाल्कनीत कुंड्यांचं वजन वाढवू नका. मला एकूण आठ कुंड्या ठेवायच्या आहेत. "बाल्कनीसाठी योग्य" हे लिहिलेलं त्यांना दाखवलं तर चालेल का?

सीवूड्सची_सई
१४ इंच उंची पुरेशी आहे की गं. माझ्याकडे तुळस आठ इंच उंचीच्या कुंडीत मस्त आहे. परत कशाला करतेस?

निशिगंधा_ठाणे
सई, १४ ही उंची नाही, वरचा बाहेरचा व्यास आहे. उंची बाहेरून १२ आहे.

मोल्डवाला
ताई, मी महापे एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात २६ वर्षं काढली, कुंड्या आणि बादल्या हेच काम. तुम्हाला कोणी फसवलं असं मी लगेच म्हणणार नाही. कुंडीचा नंबर वरच्या कडेच्या बाहेरच्या मापावरून पडतो. तुमच्या कुंडीला वर बाहेर वळवलेली जाड कड असणार. ती दोन्ही बाजूंनी एकेक इंच खाते. १४ चे १२ तिथेच झाले.

पण खरा फरक दोन इंचांचा नाही. खरेदी करणाऱ्याच्या डोळ्यासमोर १४ इंच रुंद, १२ इंच उंच असा सरळ डबा असतो. तसा डबा असता तर त्यात तीस लिटर मावले असते. तुमची कुंडी खाली निमुळती आहे. तुमच्या मापांवरून माझा हिशोब साधारण १५ लिटरचा येतो, म्हणजे बरोबर निम्मा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. भोकं अजून बंद आहेत, तेव्हा आजच एक लिटरच्या बाटलीने पाणी मोजून भरा आणि सांगा. भोकं पाडल्यावर हे जमणार नाही.

पाचपाखाडीकर
मी तीस वर्षं बाल्कनीत झाडं लावतोय. लिटर वगैरे कधी मोजले नाहीत. तळाला दोन इंच विटांचे तुकडे आणि खापऱ्या घाला, वर माती. पाणी आपोआप निघून जातं. भोक एक असलं तरी भागतं. प्लास्टिक हलकं असतं, त्यामुळे वजनाचा प्रश्नच नाही. सेक्रेटरींना सांगा, प्लास्टिकच्या आहेत.

निशिगंधा_ठाणे
मोल्डवाला काका, भरून बघितलं. पंधरा बाटल्या गेल्या आणि वर अर्धा कप. तुमचा आकडा तंतोतंत निघाला! किचनच्या काट्यावर कुंडीपण ठेवली. १.२ किलो लिहिलंय, काटा ८६० ग्रॅम दाखवतो.

मोल्डवाला
१.२ किलो हे खोक्यासकट कुरिअरचं वजन असेल. पानावर "वजन" लिहिलेलं असतं ते पुष्कळदा पाठवणीचं असतं, कुंडीचं नव्हे. ८६० ग्रॅम या मापाला वाईट नाही. रिकामी असताना वरच्या कडेजवळ अंगठ्याने दाबून बघा. भिंत लगेच आत जात असेल तर माल पातळ आहे, माती भरल्यावर कुंडी पोट काढते.

आता पंधरा लिटरमधले पंधरा मातीला मिळत नाहीत. वर दीड इंच मोकळं सोडावं लागतं, नाहीतर पाणी घातलं की माती कठड्यावर. वरची बाजू रुंद असल्यामुळे तो दीड इंच जवळजवळ तीन लिटर खातो. म्हणजे माती बारा लिटर. कढीपत्त्याला बारा लिटर दोन-तीन वर्षं पुरतात. लिंबाला सुरुवातीला चालेल, पण फळं धरायची असतील तर मी आतला व्यास १६ इंच आणि खोली १४ याच्या खाली जाणार नाही.

रोपवाटिका_कळवा
पिशवीबद्दल सांगतो, मी हाच धंदा करतो. नर्सरीची "१० इंची" पिशवी म्हणजे रिकामी असताना आडवी पसरवली की १० इंच रुंद. भरून गोल झाली की तिचा व्यास साडेसहा इंचाच्या आसपास राहतो. पिशवीभोवती दोरी फिरवून बघा, वीस इंच भरेल. म्हणजे तुमचं लिंबू १२ इंचाच्या तोंडात आरामात मावतं, सगळीकडून अडीच इंच नवी माती बसते. मावण्याची चिंता सोडा. किती वर्षं ठेवायचं एवढाच प्रश्न आहे.

आणि बाहेरचं माप देण्यात नेहमी लबाडी नसते. गिऱ्हाईक स्टँड घेतं, ताटली घेतं, खिडकीच्या कट्ट्यावर बसेल का विचारतं. या सगळ्याला बाहेरचं माप लागतं. माझ्या यादीतही बाहेरचंच आहे.

निशिगंधा_ठाणे
दादा, मग दोन्ही द्या ना. मला स्टँडपण घ्यायचंय आणि मुळांना जागा किती तेही कळायला हवं. एकच आकडा दिला आणि तो कुठला ते लिहिलं नाही, तर घेणाऱ्याने काय समजायचं?

घोडबंदर_२३वा_मजला
माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे वजन जास्त म्हणून नाही, कमी म्हणून त्रास झाला. सगळ्या कुंड्यांत निम्म्याहून जास्त कोकोपीट भरलं होतं. आठवडाभर गावाला गेलो, कोकोपीट वाळून पिसासारखं झालं. जूनच्या पहिल्या वादळात साडेचार फुटी जास्वंद कुंडीसकट आडवी झाली आणि बाल्कनीच्या काचेवर आदळली. काच वाचली, पण त्या रात्री झोप लागली नाही. खाली मुलं खेळतात. तेव्हापासून उंच निमुळती कुंडी घेत नाही. बुटकी, तळाशी रुंद असेल तीच घेतो, आणि कठड्याच्या बाहेर हुक लावून काही टांगत नाही.

विकणाऱ्यांच्या पानावर तळाचा व्यास कधीच नसतो. माझ्या दृष्टीने वरच्यापेक्षा तो महत्त्वाचा.

बीमकॉलम
मी इमारतींच्या संरचनेचं काम करतो, म्हणून सेक्रेटरींच्या मुद्द्यावर लिहितो. "बाल्कनीसाठी योग्य" या दोन शब्दांना आमच्या लेखी अर्थ नाही. विकणाऱ्याला ना तुमची बाल्कनी माहीत, ना तुम्ही काय भरणार ते. पाचपाखाडीकर काकांचं अर्धं पटतं, प्लास्टिकची रिकामी कुंडी हलकीच. पण भरलेल्या कुंडीत कुंडीचा वाटा नगण्य असतो. वजन असतं ओल्या मातीचं.

निशिगंधा, तुमचं जे मिश्रण असेल ते एक लिटरच्या मापात दाबून भरा, पाणी निथळेपर्यंत भिजवा आणि काट्यावर ठेवा. नुसती लाल माती असेल तर पावणेदोन किलोच्या आसपास जाईल. माती, शेणखत, कोकोपीट असेल तर सव्वा ते दीडमध्ये कुठेतरी. त्याला बाराने गुणा. वजन कोरड्या मातीचं धरू नका, जुलैत ती कोरडी नसते.

निशिगंधा_ठाणे
केलं. चार भाग माती, तीन शेणखत, तीन कोकोपीट. चिंब भिजवून १ किलो ३५० ग्रॅम.

बीमकॉलम
मग माती सोळा किलो, कुंडी ८६० ग्रॅम, झाड किलोभर. एक कुंडी अठरा किलो धरा. आठ कुंड्या १४४ किलो.

आता दुसरी बाजू. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात घराच्या बाल्कनीसाठी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन भार धरायला सांगितलाय, म्हणजे ढोबळ ३०० किलो. त्याशिवाय बाहेरच्या काठावर दर मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे दीडशे किलो, असा वेगळा तपास असतो. तुमची बाल्कनी सव्वातीन चौरस मीटर. संकल्पनेत धरलेला भार हजार किलोच्या जवळ, त्यात माणसं, कपडे वाळत घालायचं स्टँड, सगळं आलं. १४४ किलोची मला काळजी वाटत नाही.

काळजी कुठे वाटते ते सांगतो. समजा कोणी सिमेंटच्या मोठ्या कुंड्या घेतल्या, आतून १६ इंच रुंद आणि १५ खोल. त्यात बत्तीस लिटर माती बसते, तुमच्याच मिश्रणाने ती ४३ किलो. रिकामी कुंडी २५ किलो. झाडासकट एक सत्तर किलो. अशा पाच कुंड्या तुम्ही कठड्यालगत ओळीने लावल्या की साडेतीनशे किलो पावणेतीन मीटरवर आले, मीटरला सव्वाशेच्या पुढे. तोच बोजा भिंतीलगत ठेवला तर फारसं काही नाही, पण बाल्कनी भिंतीतून पुढे आलेली फळी असते, तिच्या टोकावरचं किलो मुळाशी सगळ्यात जास्त ताण देतं. सगळे मात्र सुंदर दिसावं म्हणून जड कुंड्या नेमक्या टोकालाच लावतात.

आणि हे आकडे धडधाकट इमारतीचे आहेत. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत बाल्कनीच्या खालच्या बाजूला गंजाचे तपकिरी डाग, सळीच्या रेषेत तडे, गिलाव्याचे पोपडे दिसत असतील, तर मानकातला आकडा तिथे लावायचा नाही. नवी मुंबईतल्या जुन्या वसाहतींत मी असे पुष्कळ छज्जे पाहिलेत. तिथे आधी तपासणी, मग कुंड्या. तुमच्या सेक्रेटरींना माझ्या मते पान दाखवू नका, अठरा गुणिले आठ दाखवा.

पाचपाखाडीकर
बीमकॉलम, हिशोब पटला. ओल्या मातीचं वजन मी धरत नव्हतो हे कबूल. पण विटांच्या तुकड्यांबद्दल कोणी बोललं नाही. ते घालायचेच.

मोल्डवाला
काका, मान ठेवून सांगतो, दोन इंची थराबद्दल माझं मत वेगळं आहे. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न दाबता उभा करा, पुन्हा गळायला लागेल. स्पंज तोच, पण उंची वाढली की जास्त पाणी खाली उतरतं. कुंडीतल्या मातीचं असंच आहे. तळाशी एक चिंब पट्टा राहतोच. खाली दोन इंच तुकडे घातले की पट्टा जात नाही, तुकड्यांच्या वर सरकतो, कारण बारीक मातीतलं पाणी मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही. म्हणजे ११ इंच खोलीचे तुम्ही ९ केले आणि ओल मुळांच्या जवळ आणली. बारा लिटरच्या कुंडीत दोन इंच म्हणजे दोन लिटर जागा गेली.

भोकावर एक खापरी पालथी ठेवा किंवा शेडनेटचा तुकडा ठेवा, माती वाहून जात नाही. तेवढं पुरे.

पाचपाखाडीकर
स्पंज करून बघेन. पण माझी चिकूची कुंडी अठरा वर्षं विटांच्या तुकड्यांवर उभी आहे आणि भोक कधी बुजलं नाही. जाळीवर मुळं जाळं करतात आणि भोक बंद होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी तुकडे घालणारच.

सीवूड्सची_सई
माझ्या खालच्या घरात छताला ओल आली होती, त्यांनी माझ्या कुंड्यांकडे बोट दाखवलं. भोकं जास्त पाडली तर ते पाणी जाणार कुठे? मला तर भोक नसलेलीच कुंडी बरी वाटते. ताटलीत पाणी साठलं की पालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधायला येतात ते वेगळंच.

मोल्डवाला
सई, बिनभोकाच्या कुंडीत जुलैचं पाणी कुठेच जात नाही, मुळं कुजतात आणि मातीला नाल्यासारखा वास येतो. पाणी बाल्कनीच्या मोरीकडे जायला हवं. त्यासाठी कुंडी फरशीवर सपाट ठेवू नका, खाली फरशीचे तीन तुकडे द्या, बोटभर फट राहिली पाहिजे. सपाट तळ ओल्या फरशीला चिकटतो आणि उघडं भोकही बंद असल्यासारखं वागतं. पावसाळ्यात ताटली काढून ठेवायची. छताची ओल मात्र फरशीच्या सांध्यांतून जाते, तिथे कुंडीला दोष देऊन भागत नाही.

निशिगंधा, तुमच्या पाच खुणांपैकी किती उघडल्या?

निशिगंधा_ठाणे
मुलाने सध्या मधलीच उघडली. पाचही उघडायच्या का? कशाने?

मोल्डवाला
आधी एक करा. रिकामी कुंडी सपाट फरशीवर तीन तुकड्यांवर ठेवा, एक लिटर पाणी ओता, पाच मिनिटं थांबा. मग आत उरलेलं पाणी कपात ओतून मोजा.

निशिगंधा_ठाणे
उरलं जवळजवळ एक पेला! कडेने गोल चर आहे, त्यात बसलंय. मधला भाग उंच आहे, आणि भोक नेमकं त्या उंचवट्यावर.

मोल्डवाला
हेच शोधत होतो. तळाला मजबुती यावी म्हणून मध्ये फुगवटा देतात. त्यामुळे मधलं भोक सगळ्यात उंच जागी येतं आणि कडेचा चर कायम भरलेला राहतो. लिंबाची मुळं पहिली तिथेच पोचतात. कडेच्या चारही खुणा उघडा. पडदे बसवायला वापरतात ते साधं ड्रिल, १० मिलीमीटरचं पातं. बाहेरून, आतल्या बाजूने तळाला लाकडाची फळी टेकवून, हळू. हातोडीने ठोकू नका, थंड प्लास्टिकला तिथून तडा जातो. सिरॅमिकची कुंडी असती तर टाइल्सचं पातं, ठोका बंद ठेवून आणि पाणी सोडत. ते काम घाईत केलं की तळ फुटतो.

निशिगंधा_ठाणे
चारही पाडली. पुन्हा एक लिटर ओतलं. उरलं दोन चमचे.

पण आता भोकं पाडली म्हणजे परत देता येणार नाहीत. मी ठेवतेय. कढीपत्ता एकीत, लिंबू दोन वर्षांसाठी दुसरीत. विकणाऱ्याला लिहिलं की आतलं माप आणि "भोकं बंद येतात" हे पानावर टाका. उत्तर आलं नाही.

एक शंका राहिली. पश्चिमेचं ऊन आहे, रंग काळा आहे. पुढच्या सहा कुंड्या मातीच्या घेऊ का?

घोडबंदर_२३वा_मजला
काळी घेऊ नका. एप्रिलमध्ये चार वाजता माझ्या काळ्या कुंडीला हात लावला तर चटका बसला. उन्हाच्या बाजूची मुळं तपकिरी होऊन मेली होती. पांढरी किंवा फिकट मातकट घ्या. आहेत त्या दोघींना बाहेरून जुनी गोणी गुंडाळा.

पाचपाखाडीकर
मातीचीच घ्या. मुळांना हवा मिळते, थंड राहते.

रोपवाटिका_कळवा
मातीची चांगली, पण पश्चिमेला उन्हाळ्यात दोन वेळा पाणी मागते, नोकरी करणाऱ्या माणसाला जड जातं. या मापाची मातीची रिकामीच सात-आठ किलो भरते, म्हणजे सहा कुंड्यांत चाळीस-बेचाळीस किलो जादा. आणि भिंत जाड, त्यामुळे बाहेरच्या १४ चे आत पुन्हा १२ च.

मोल्डवाला
प्लास्टिकबाबतही एक सांगतो. "प्रीमियम पॉलिमर" म्हणजे काहीही असू शकतं. विचारायचं ते इतकंच, की माल नवा आहे की पुनर्वापराचा, आणि उन्हाला टिकायचं रसायन घातलंय का. आहे त्या कुंडीवर वर्षाने बोट घासा. बोटाला खडूसारखी पूड लागली तर ऊन तिला खातंय. मग भरलेली कुंडी कड धरून उचलू नका, कड हातात येते. मी पश्चिमेला मातीची घेणार नाही, पण पाचपाखाडीकर काका घेतील आणि त्यांची झाडं जगतील, कारण ते रोज सकाळ-संध्याकाळ घरी आहेत.

बीमकॉलम
चाळीस किलो वाढले तरी तुमच्या बाल्कनीत चालतं. फक्त मातीच्या कुंड्या भिंतीलगत ठेवा.

रोपवाटिका_कळवा
या धाग्यामुळे काल रात्री माझ्या यादीतली एक कुंडी पुन्हा मोजली आणि मजकूर बदलला. बघा जमलाय का:

"पांढरी प्लास्टिकची गोल कुंडी. वरचा व्यास बाहेरून १४ इंच, आतून १२. तळ बाहेरून साडेनऊ इंच. आतली खोली ११ इंच. काठोकाठ पाणी १५ लिटर, माती अंदाजे १२ लिटर. रिकामी ९०० ग्रॅम, ओल्या मिश्र मातीसह अंदाजे १८ किलो. तळाला कडेने चार भोकं, १० मिलीमीटर, उघडी. ताटली वेगळी. कठड्याबाहेर टांगण्यासाठी नाही."

"बाल्कनीसाठी योग्य" काढून टाकलं.

घोडबंदर_२३वा_मजला
तळाचा व्यास दिलात, आभार. तळाचा उलटा करून काढलेला फोटोपण टाका.

पाचपाखाडीकर
भोकं उघडी देताय हे उत्तम. स्पंज केला. उभा धरल्यावर खरंच गळतो. तरी तुकड्यांचं मी अजून ठरवलेलं नाही, एका कुंडीत घालतो, एकीत नाही. दोन्हींत मिरची लावतो आणि ऑगस्टअखेर इथेच लिहितो.